जाहिरातीतील सुधारलेले फोटो: खुणा कशा ओळखाव्यात आणि चिठ्ठी कोणी लावावी

नॉर्वेमध्ये १ जुलै २०२२ पासून एक नियम लागू आहे. जाहिरातीतील व्यक्तीच्या शरीराचा आकार, आकारमान किंवा त्वचा फोटो काढल्यानंतर बदलली असेल, तर त्या फोटोवर तसे सांगणारी ठरावीक नमुन्याची चिठ्ठी लावावी लागते. ही चिठ्ठी फोटोच्या साधारण ७ टक्के जागेवर आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असावी, अशी अपेक्षा आहे. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु चौकोनी फोटोत तेवढ्या क्षेत्रफळाची चौकोनी चिठ्ठी काढली, तर तिची बाजू फोटोच्या बाजूच्या पावपटीहून किंचित मोठी भरते. ३० बाय ४० सेंटीमीटरच्या पानभर जाहिरातीत ती सव्वानऊ सेंटीमीटरच्या आसपास जाते. कोणत्याही जाहिरातदाराला एवढी जागा सुखाने सोडवणार नाही, आणि नियमामागचा एक हिशेबही बहुधा तोच असावा.

आपल्याकडे अशी चिठ्ठी दिसत नाही. त्यामुळे सणासुदीच्या पुरवण्या आणि मोबाईलवरच्या जाहिराती पाहताना हा चेहरा खरोखर असा आहे का, याचा अंदाज वाचकाला स्वतःच बांधावा लागतो. तो अंदाज कशावरून बांधता येतो, तो कुठे फसतो आणि जगातल्या काही देशांनी हे काम वाचकाच्या नजरेवर न सोडता जाहिरातदाराच्या गळ्यात का घातले, हे क्रमाने पाहू.

रिटचिंग कशाला म्हणायचे?

फोटो काढून झाल्यावर त्यातील व्यक्तीचे दिसणे बदलणे म्हणजे रिटचिंग. संपूर्ण फोटोचा उजेड वाढवणे, रंगांचा तोल सावरणे किंवा कडा कापणे ही कामे साधारणपणे त्यात धरली जात नाहीत, कारण ती सगळ्या चित्रावर सारखीच होतात. रिटचिंग हे निवडक असते: एवढाच गाल, एवढीच कंबर. हे संगणकाबरोबर आलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या बुजवणारे कारागीर फोटो स्टुडिओंमध्ये पूर्वीपासून असत, आणि आपल्या घरांच्या भिंतींवरच्या जुन्या तसबिरींमधले कित्येक नितळ चेहरे त्यांच्या हातचे असण्याची शक्यता बरीच आहे. आजचा फरक वेगाचा आणि आवाक्याचा आहे. निगेटिव्हवर कंबर बारीक करणेही कुशल कारागिराला जमत असे, परंतु ते हळू आणि कष्टाचे काम होते.

जाहिरातीत मुख्यतः दोन गोष्टी बदलल्या जातात: त्वचेचा पोत आणि शरीराचा आकार. दोन्हींच्या खुणा अगदी वेगळ्या असतात, म्हणून त्या वेगवेगळ्या शोधाव्या लागतात.

त्वचा: गाल आणि मान यांचे जुळते का?

त्वचा सुधारण्याच्या एका रूढ पद्धतीत फोटोचे दोन थर केले जातात. एका थरात त्वचेचा रंग आणि उजेड-सावलीचे मोठे पट्टे राहतात, तर दुसऱ्यात रंध्रे, लव आणि बारीक रेषा राहतात. या पद्धतीला ‘फ्रीक्वेन्सी सेपरेशन’ म्हणतात. पहिला थर धूसर करून डाग आणि काळी वर्तुळे पुसली जातात, आणि दुसरा थर जसाच्या तसा वर ठेवला की त्वचा नितळ होऊनही खरी वाटते. काम घाईत झाले, तर धूसरपणा नाकपुडीच्या किंवा ओठांच्या कडेवरून पलीकडे सांडतो आणि तिथे एक मळकट पट्टा उमटतो. त्याहून स्वस्त पद्धतीत दोन थर न करता सरळ सगळेच धूसर केले जाते. मग गालावर रंध्र उरत नाही, जबड्याच्या कडेला उजेडात चमकणारी बारीक लव नाहीशी होते आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो.

परंतु नुसता नितळ गाल पाहून निष्कर्ष काढू नये. मऊ उजेड आणि जाड मेकअप यांनीही गाल नितळ दिसतो. खरी कसोटी तुलनेची आहे. एकाच व्यक्तीचा गाल, मान, कान आणि बोटांची पेरे शेजारी शेजारी पाहावीत. सुधारणाऱ्याचा जीव चेहऱ्यात अडकलेला असतो आणि हात बहुधा विसरला जातो. त्यामुळे चेहरा विशीतला आणि गालाला टेकवलेला हात पन्नाशीतला, असे चमत्कारिक दृश्य दागिन्यांच्या जाहिरातींत अधूनमधून भेटते. डोळ्यांखालची घडी दिसते, पण तिच्यासोबत असायला हवी ती सावली दिसत नाही, ही दुसरी खूण. डोळ्यांचा पांढरा भाग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखाच पांढरा असणे ही तिसरी, कारण बुबुळाभोवतीचा भाग गोलाकार असल्याने कडेला त्यावर थोडी सावली पडायलाच हवी.

फोटो मोठ्या आकारात मिळाला, तर आणखी एक गोष्ट तपासता येते. प्रत्येक कॅमेऱ्याच्या फोटोत एक बारीक रवाळपणा असतो, जो कमी उजेडात वाढतो. तो साधारण सारख्या उजेडाच्या भागांत सारखाच दिसायला हवा. मागची भिंत रवाळ आणि तेवढ्याच उजेडातला गाल गुळगुळीत असेल, तर गालावर काहीतरी झाले आहे, असे बरेच खात्रीने म्हणता येते. मात्र हे कोणी केले, ते त्यावरून कळत नाही. कित्येक मोबाईलचे कॅमेरे चेहरा ओळखून तो आपोआप गुळगुळीत करतात, आणि फोटो काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आकार: पैठणीचा काठ साक्ष देतो

शरीराचा आकार बदलण्यासाठी ‘लिक्विफाय’ नावाचे साधन वापरतात. त्यात ब्रश टेकवून चित्राचा तेवढा भाग आत किंवा बाहेर ढकलला जातो. पलंगावर घातलेली चौकड्यांची चादर एका ठिकाणी चिमटीत धरून ओढली, तर ओढलेल्या जागेभोवतीचे चौकोनही वेडेवाकडे होतात; फोटोतही नेमके तसेच घडते. कंबर आत ढकलली, की कंबरेशेजारची पार्श्वभूमीही तिच्यामागोमाग आत ओढली जाते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, वाड्याच्या लाकडी खांबाशेजारी पैठणी नेसून उभी असलेली मॉडेल आहे आणि तिची कंबर उजवीकडून आत ढकलली आहे. पहिल्यांदा खांबाची कड पाहावी. ती कंबरेच्या उंचीवरच शरीराच्या दिशेने किंचित झुकलेली आणि वर-खाली सरळ असेल, तर संशयाला जागा आहे. येथे घाई नको, कारण रुंद दृश्य टिपणारी लेन्सही सरळ रेषा वाकवते. लेन्सने आणलेला बाक मात्र संपूर्ण रेषेवर सावकाश पसरतो, चित्राच्या कडांकडे वाढत जातो आणि डाव्या-उजव्या बाजूंना सारखाच दिसतो. बरोबर कंबरेपाशी येऊन तिथेच संपणारा बाक लेन्स कधी देत नाही.

त्यानंतर साडीकडे वळावे. नारळी काठावरची त्रिकोणी नक्षी ठरावीक अंतराने येते, म्हणजे अंगावर एक मोजपट्टीच गुंडाळलेली असते. शरीर गोल असल्यामुळे कडेकडे जाताना काठ आणि बुट्टे अरुंद दिसणे स्वाभाविकच आहे. परंतु हे अरुंद होणे कंबरेच्या वर आणि खालीही, कडेपासून तेवढ्याच अंतरावर, जवळपास तसेच दिसायला हवे. कंबरेच्या एका पट्ट्यातच बुट्टे दबलेले असतील आणि दोन बोटे वर ते पुन्हा ऐसपैस असतील, तर कापड तिथे अंगाने वळलेले नाही, ब्रशने ढकललेले आहे. हात बारीक केला असेल, तर बांगड्या आणि बाजूबंद असेच बोलतात: एका हातातील गोल बांगड्या मध्येच चेपल्यासारख्या लंबगोल होतात आणि दुसऱ्या हातातील गोलच राहतात. जमिनीवरची सावली किंवा आरशातील प्रतिबिंब बदलायचे राहून गेले असेल, तर मग फारसा वादच उरत नाही.

हाताबाहेर गेलेले काम ओळखायला एवढी मेहनतही लागत नाही. २००९ साली राल्फ लॉरेनच्या एका जाहिरातीत मॉडेल फिलिपा हॅमिल्टनची कंबर तिच्या डोक्यापेक्षा अरुंद दिसत होती. त्यावर गदारोळ झाल्यावर कंपनीने सदोष रिटचिंगमुळे शरीर विद्रूप दिसल्याचे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली.

खूण सापडली नाही, म्हणजे फोटो अस्सल समजावा का?

नाही, आणि या विषयातील सर्वांत अडचणीची गोष्ट हीच आहे. वर सांगितलेल्या खुणा रिटचिंगच्या नाहीत. त्या निष्काळजी रिटचिंगच्या आहेत. अनुभवी माणूस आधी मॉडेलची आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी करतो, मागचा खांब स्वतंत्र थरावर पूर्ण करून घेतो आणि मग फक्त आकृतीला हात लावतो. खांब सरळच राहतो. त्वचेच्या बाबतीतही तो धूसर करण्याच्या फंदात न पडता एकेका डागाचा उजेड थोडा वाढवतो आणि एकेका ठळक भागाचा कमी करतो. हे काम तासन्‌तास चालते, रंध्रे जशीच्या तशी राहतात आणि खूण जवळपास उरत नाही. स्टुडिओत साध्या एकरंगी पडद्यासमोर काढलेल्या फोटोत तर वाकायला रेषाच नसते.

उलट बाजूने, अस्सल फोटोही दोषी दिसू शकतो. मोबाईलच्या पडद्यावर दोनशे पिक्सेल रुंदीच्या चेहऱ्यात रंध्रे दिसूच शकत नाहीत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पाठवताना फाइल लहान करण्यासाठी दाबला गेल्याने त्वचेचा पोत गमावून बसतो. म्हणून फिरत आलेल्या छोट्या फोटोवरून कोणावरही आरोप करू नये.

फाइलमध्ये दडलेल्या माहितीने काम भागेल, असे काहींना वाटते. फोटोच्या फाइलमध्ये `Software` नावाचा रकाना असतो आणि त्यात शेवटी वापरलेल्या प्रोग्रामचे नाव बहुधा मिळते. परंतु छपाईसाठी केवळ आकार बदलला किंवा अक्षरे टाकली, तरी तिथे तेच नाव येते. आणि समाजमाध्यमांवर चढवताना ही माहिती बऱ्याचदा गळूनच पडते. त्या रकान्यावरून फाइल उघडून पुन्हा साठवली एवढेच कळते. चेहऱ्याला हात लागला की नाही, ते कळत नाही.

मग पुरावा कोणी द्यायचा?

२०११ सालचे ब्रिटनमधील एक प्रकरण येथे नीट पाहण्यासारखे आहे. लँकोमच्या फाउंडेशन या चेहऱ्याला लावायच्या प्रसाधनाच्या जाहिरातीत अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स होती, आणि मेबलिनच्या वयाच्या खुणा लपवणाऱ्या फाउंडेशनच्या जाहिरातीत मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन होती. दोन्ही ब्रँड लॉरिआल कंपनीचे. खासदार जो स्विन्सन यांनी तक्रार केली, की हे परिणाम प्रसाधनाचे नसून रिटचिंगचे आहेत.

जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तेथील ‘एएसए’ या संस्थेने फोटोत वाकड्या रेषा शोधत बसण्याऐवजी कंपनीकडेच पुरावा मागितला. मेबलिनच्या फोटोत त्वचा उजळणे, मेकअप सारखा करणे, डोळ्यांभोवतीच्या सावल्या कमी करणे, ओठ गुळगुळीत करणे आणि भुवया गडद करणे इतके बदल केल्याचे कंपनीने सांगितले. लँकोमच्या बाबतीत मूळ, न सुधारलेला फोटो देता आला नाही, कारण अभिनेत्रीशी झालेल्या करारामुळे तो दाखवता येत नव्हता. मिळालेल्या पुराव्यावरून चेहऱ्यावर दिसणारा परिणाम प्रसाधनाने खरोखर साधता येतो, असे मानता येणार नाही, असे म्हणून संस्थेने दोन्ही जाहिराती त्या स्वरूपात पुन्हा देण्यास मनाई केली.

या निर्णयात रिटचिंगवर बंदी नव्हती. ज्या गुणाची विक्री चालली आहे, नेमका तोच गुण संगणकाने वाढवलेला नाही, हे दाखवण्याची जबाबदारी मात्र जाहिरातदारावर आली. फाउंडेशनच्या जाहिरातीत मागच्या पडद्यावरची घडी पुसली, तर कोणाचे काही बिघडत नाही. गालावरचा डाग पुसला, तर तो थेट मालाविषयीचा दावा होतो. २०२१ मध्ये याच संस्थेने हा निकष समाजमाध्यमांवरील फिल्टरनाही लावला, आणि प्रसाधनाचा परिणाम फुगवणारा फिल्टर वापरला असेल, तर फिल्टरचे नाव सांगितल्याने दोष धुतला जात नाही, हेही स्पष्ट केले. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत समंजस निकष हाच आहे.

चिठ्ठीचे कायदे: तीन देश, तीन व्याख्या

ब्रिटनचा प्रश्न ग्राहकाच्या फसवणुकीचा होता. चिठ्ठीचे कायदे दुसऱ्या काळजीतून आले: अशक्य शरीरे सतत पाहून तरुण मुलामुलींना स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी नाराजी आणि त्यातून उद्भवणारे खाण्यापिण्याचे विकार. त्यामुळे कोणता बदल ‘मोजायचा’, याचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या काळजीनुसार दिले.

इस्रायलचा कायदा २०१२ मध्ये संमत झाला आणि २०१३ च्या सुरुवातीपासून लागू झाला. त्यात मॉडेलला बारीक दाखवणाऱ्या बदलासाठी सूचना बंधनकारक आहे आणि तिला जाहिरातीच्या किमान ७ टक्के जागा द्यावी लागते. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, शरीराची रूपरेषा बारीक किंवा जाड केलेल्या व्यावसायिक फोटोंवर ‘सुधारलेला फोटो’ या अर्थाचे फ्रेंच शब्द लिहावे लागतात. न लिहिल्यास ३७,५०० युरो किंवा जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र तेथे त्वचेवरचे डाग पुसणे किंवा केसांचा रंग बदलणे हे चिठ्ठीच्या कक्षेबाहेर आहे. नॉर्वेने त्वचाही आत घेतली आणि पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनाही नियम लागू केला.

म्हणजे एकाच फोटोत मॉडेलच्या गालावरचा मुरूम पुसला, पण शरीर तसेच ठेवले, तर नॉर्वेत चिठ्ठी लागेल आणि फ्रान्स-इस्रायलमध्ये लागणार नाही. आणि शस्त्रक्रियेने नाक बदललेली किंवा मुळातच अतिशय बारीक असलेली मॉडेल निवडली, तर तिन्हीकडे चिठ्ठीचा प्रश्नच येत नाही, कारण फोटो बदललेलाच नाही.

कायद्याचा परिणाम कधी कधी अनपेक्षित ठिकाणी होतो. फ्रान्सचा नियम लागू झाला त्याच दिवसापासून गेटी इमेजेस या मोठ्या फोटोविक्री संस्थेने, मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड दाखवण्यासाठी बदललेले व्यावसायिक फोटो स्वीकारणे बंद केले.

चिठ्ठी वाचून मनावरचा परिणाम कमी होतो का?

चिठ्ठीच्या समर्थकांना येथे निराश व्हावे लागेल. फोटो सुधारलेला आहे हे कळले, की पाहणारी व्यक्ती स्वतःची तुलना करणे थांबवेल, अशी अपेक्षा होती. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणींवर केलेल्या प्रयोगांत तसे दिसून आले नाही. चिठ्ठी असलेला फोटो पाहूनही शरीराविषयीची नाराजी कमी झाली नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा कोणता अवयव बदलला हे सांगणाऱ्या चिठ्ठीने नजर उलट त्याच अवयवाकडे वळत होती. तुलना करण्यासाठी समोरचे शरीर खरे असावे लागत नाही, ते नुसते डोळ्यांसमोर असले तरी पुरते.

दुसरा आक्षेप असा, की चिठ्ठी सगळ्यांना एकाच मापाने मोजते. एक मुरूम पुसणारा आणि अख्खे शरीर नव्याने घडवणारा, दोघांच्या कपाळी तीच चिठ्ठी. सगळ्यांवरच ती लागली, तर तिच्याकडे कोणी पाहणार नाही. यावर अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजचे एरिक की आणि हॅनी फरीद यांनी २०११ मध्ये एक उपाय मांडला. त्यांनी मूळ आणि सुधारलेल्या फोटोंच्या ४६८ जोड्या घेतल्या, लोकांकडून प्रत्येक जोडीतील फरकाला १ ते ५ गुण देऊन घेतले, आणि आकारात व पोतात झालेल्या बदलावरून तेच गुण संगणकाला जवळपास तसेच काढता येतात, हे दाखवले. ‘केले की नाही’ऐवजी ‘किती केले’ हे सांगणारा आकडा छापता येईल, अशी कल्पना होती. ती शास्त्र म्हणून पटते. पण त्यासाठीही मूळ फोटो लागतो, आणि तो जाहिरातदाराच्याच कपाटात असतो.

चिठ्ठीचा खरा उपयोग कदाचित वाचकावर नव्हे, तर जाहिरातदारावर होतो. चित्राची एवढी जागा घालवण्यापेक्षा कंबर आहे तशीच ठेवलेली बरी, असा विचार त्याने केला, तर चिठ्ठी न छापताच काम झाले.

आपल्याकडे काय करता येते?

भारतात रिटचिंगसाठी नॉर्वेसारखी खास चिठ्ठी नाही. जे आहे ते फसव्या जाहिरातींविषयीच्या कायद्यातून येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आपल्या ओळखीच्या त्या बारीक अक्षरांतील तळटीपेलाही वेसण घातली: तळटीप दाव्याच्याच भाषेत असावी, ठळक जागी असावी, आणि फसवा दावा दुरुस्त करण्यासाठी तिचा आधार घेता येणार नाही. मराठी जाहिरातीत चेहरा उजळवून दाखवायचा आणि खाली इंग्रजीत ‘केवळ कल्पनाचित्र’ अशा अर्थाचे काहीतरी बारीक छापायचे, हा मार्ग त्यामुळे कागदावर तरी बंद झाला आहे.

जाहिरात उद्योगाचीच स्वनियंत्रण संस्था असलेल्या मुंबईच्या ‘ॲस्की’कडेही तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अशा तक्रारीत ‘फोटो रिटच केलेला आहे’ एवढेच लिहिले, तर ती फारशी पुढे जाणार नाही, कारण ते आपल्याला सिद्ध करता येत नाही आणि ते बेकायदेशीरही नाही. जाहिरातीचे कात्रण किंवा मोठ्या आकारातील स्क्रीनशॉट, तारीख आणि प्रसिद्धीचे ठिकाण जोडावे. मग दावा जसाच्या तसा उतरवावा, उदाहरणार्थ ‘दोन आठवड्यांत डाग गायब’, आणि तो दावा फोटोतील कोणत्या भागाने दाखवला आहे, ते लिहावे. कडेला मळकट पट्टा, रवाळ भिंतीपुढे गुळगुळीत गाल अशी एखादी खूण दिसली असेल, तर ती संशयाचे कारण म्हणून नोंदवावी, पुरावा म्हणून नव्हे. शेवटी मागणी एकच ठेवावी: फोटोतील परिणाम या मालानेच साधला, हे जाहिरातदाराने मूळ फोटो सादर करून दाखवावे.